वॉर्फरिनच्या फायद्यातली किती सूट द्यायची? नॉन-इन्फिरिऑरिटी मार्जिन तपासताना

प्रश्न: सर, मी नाशिकला मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबला एक नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल घ्यायची आहे. मार्जिनबद्दल पेपरमध्ये एकच वाक्य आहे, 'क्लिनिकली स्वीकारार्ह मानलेला फरक'. तो खरंच स्वीकारार्ह होता की नाही, हे वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?

उत्तर:

ते वाक्य बाजूला ठेवा आणि आधी एक वेगळीच गोष्ट शोधा: जुनं औषध प्लासिबोच्या तुलनेत मुळात किती काम करत होतं? हा आकडा हातात नसेल तर मार्जिनवर चर्चाच होऊ शकत नाही. दुर्दैवाने बहुतेक पेपर नेमका हाच आकडा गाळतात.

कारण साधं आहे. नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायलमध्ये प्लासिबोचा गट नसतो. नवं औषध जुन्यापेक्षा 'फार वाईट नाही' एवढंच दाखवायचं असतं, आणि 'फार' म्हणजे किती ते मार्जिन सांगतं. आता जुन्या औषधाचा सगळा फायदा जेवढा, त्याहून मार्जिन मोठं ठेवलं, तर साखरेची गोळीसुद्धा त्या ट्रायलमध्ये पास होईल. म्हणून दोन रेषा आखायच्या असतात. पहिली रेषा जुन्या औषधाच्या पूर्ण फायद्याची, तीही हात राखून मोजलेली. तिला एम-वन म्हणतात. दुसरी तिच्या बरीच आत: या फायद्यातला किती भाग आपण सोडायला तयार आहोत. ती एम-टू. ट्रायलचं मार्जिन एम-टूवर असायला हवं. पहिली रेषा जुन्या ट्रायल्सच्या आकड्यांवरून येते, तिथे मतांना फारशी जागा नाही. 'क्लिनिकली स्वीकारार्ह' या शब्दांचा संबंध फक्त दुसऱ्या रेषेशी आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी पहिली रेषा न आखताच दुसरीवर तज्ज्ञांचं एकमत झालेलं असतं.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून मी नेहमी एकच उदाहरण घेतो: एट्रियल फिब्रिलेशनमधलं वॉर्फरिन. आकडे स्वच्छ आहेत आणि गोष्टही बोधक आहे.

वॉर्फरिनची प्लासिबोशी (किंवा काहीच न देण्याशी) तुलना करणाऱ्या सहा ट्रायल्स १९८९ ते १९९३ दरम्यान प्रसिद्ध झाल्या. त्या एकत्र केल्या तर स्ट्रोकचं रिलेटिव्ह रिस्क साधारण ०.३६ येतं. म्हणजे वॉर्फरिनशिवाय जिथे १०० जणांना स्ट्रोक झाला असता, तिथे वॉर्फरिनवर ३६ जणांना झाला. पण हा झाला मधला अंदाज. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ०.२५ ते ०.५३ आहे. हात राखून मोजायचं म्हणजे वॉर्फरिनला सर्वांत कमी श्रेय देणारं टोक, ०.५३, धरायचं. आता तेच उलटं करा: १ ÷ ०.५३ म्हणजे सुमारे १.९. वॉर्फरिन काढून घेतलं तर स्ट्रोकचं प्रमाण निदान १.९ पट होईल, असा याचा अर्थ. हा झाला एम-वन. एखाद्या नव्या औषधाचं वॉर्फरिनशी गुणोत्तर १.९ असेल, तर ते प्लासिबोपेक्षा चांगलं आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

यातला निदान अर्धा फायदा राखायचा अशी अट अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात उदाहरणादाखल धरली आहे. गुणोत्तराचं अर्धं लॉगच्या मापावर करतात, म्हणजे वर्गमूळ घ्यायचं. १.९ चं वर्गमूळ १.३८. अपिक्सबॅनच्या अॅरिस्टॉटल ट्रायलचं मार्जिन १.३८ होतं ते इथूनच आलं. डॅबिगॅट्रानच्या री-लाय आणि रिव्हरॉक्सबॅनच्या रॉकेट-एएफ या ट्रायल्सनी १.४६ ठेवलं होतं, म्हणजे थोडं सैल, पण त्याच घराण्यातलं. हे सगळं जर्नल क्लबमध्ये फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येतं.

आता या रेषा घेऊन एक जुनी ट्रायल बघू. झायमेलागॅट्रान हे नाव तुमच्या बॅचने कदाचित ऐकलंही नसेल. तोंडाने घ्यायचं, आयएनआर न लागणारं हे औषध २००० नंतरच्या त्या काळात मोठी आशा होतं. त्याच्या दोन मोठ्या ट्रायल्स झाल्या, स्पोर्टिफ-तीन आणि स्पोर्टिफ-पाच. दोन्हींत मार्जिन गुणोत्तरात न ठेवता सरळ टक्क्यांत ठेवलं होतं: वर्षाला २ टक्के. वॉर्फरिन गटात वर्षाला सुमारे ३.१ टक्के रुग्णांना स्ट्रोक किंवा एम्बोलिझम होईल हे गृहीत होतं.

आधी त्यांच्या गृहीतकावरच तपासा. वॉर्फरिनवर ३.१ टक्के, तर वॉर्फरिनशिवाय ३.१ × १.९ म्हणजे सुमारे ५.९ टक्के. वॉर्फरिनचा फायदा २.८ टक्के. त्यातले २ टक्के गमवायची मुभा, म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त फायदा सोडायला ते तयार होते. हे सैलच आहे, पण निदान पहिल्या रेषेच्या आत आहे.

प्रत्यक्षात स्पोर्टिफ-पाचमध्ये वॉर्फरिन गटात वर्षाला १.२ टक्केच घटना घडल्या. बीपीचे उपचार सुधारले होते, रुग्ण तुलनेने बरे होते, आयएनआर नीट सांभाळला होता. अशी कारणं असतात. तेच गणित आता पुन्हा करा. वॉर्फरिनवर १.२, तर वॉर्फरिनशिवाय १.२ × १.९ म्हणजे सुमारे २.३ टक्के. वॉर्फरिनचा सगळा फायदा १.१ टक्का. आणि मार्जिन अजूनही २ टक्के! जेवढा फायदा आहे त्याच्या जवळपास दुप्पट नुकसान चालेल, असं ते मार्जिन म्हणत होतं. वॉर्फरिनला सढळ हाताने श्रेय देऊन ०.३६ हा मधला अंदाज वापरला, तरी वॉर्फरिनशिवायचा दर ३.३ टक्के येतो, फरक २.१. म्हणजे औषध न घेणारा माणूससुद्धा काठावर येऊन उभा राहतो.

निकाल असा लागला: झायमेलागॅट्रानवर ५१ घटना (वर्षाला १.६ टक्के), वॉर्फरिनवर ३७ (१.२ टक्के). फरक ०.४५ टक्के, कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.१३ ते अधिक १.०३. वरचं टोक १.०३, मार्जिन २, म्हणून ठरलेल्या निकषानुसार 'नॉन-इन्फिरिअर' सिद्ध, पी-व्हॅल्यूही झकास. अॅब्स्ट्रॅक्ट वाचून उठलात तर औषध वॉर्फरिनइतकंच चांगलं.

पण त्याच ५१ आणि ३७ चं गुणोत्तर काढा. दोन्ही गट जवळपास सारखे होते, म्हणून घटनांचा नुसता भागाकार पुरतो: १.३८. कागदावर त्याचा इंटरव्हल काढला तर साधारण ०.९ ते २.१ येतो. हे वरचं २.१ आपल्या १.३८ च्या रेषेच्या तर बाहेर आहेच, १.९ च्याही बाहेर आहे. म्हणजे या एका ट्रायलवरून झायमेलागॅट्रान प्लासिबोपेक्षा बरं आहे, असंसुद्धा म्हणता येत नव्हतं. स्पोर्टिफ-तीनमध्ये निकाल झायमेलागॅट्रानच्या बाजूने झुकलेला होता (१.६ विरुद्ध २.३ टक्के), हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण ती ओपन-लेबल होती आणि स्पोर्टिफ-पाच डबल-ब्लाइंड. एफडीएने २००४ साली मंजुरी नाकारली, त्यात मार्जिनचा हा प्रश्न होता आणि यकृताचाही. स्पोर्टिफ-पाचमध्ये सुमारे ६ टक्के रुग्णांत यकृताचं एन्झाइम नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं होतं. २००६ मध्ये कंपनीने औषध मागे घेतलं.

टक्क्यांतलं मार्जिन का फसवतं, हे मी आमच्या मुलांना लासलगावच्या भाषेत सांगतो. पन्नास किलोच्या गोणीत दोन किलो घट आली तर शेतकरी कुरकुर करेल, पण व्यवहार होईल. 'गोणीमागे दोन किलो घट मान्य' असा करार करून ठेवला आणि प्रत्यक्षात गोण्या पाच किलोच्या आल्या, तरी तोच करार दाखवणारा माणूस लबाड म्हणायला हवा. स्पोर्टिफमध्ये लबाडी होती असं मी म्हणत नाही. मार्जिन आधीच जाहीर केलेलं होतं. फक्त गोणी लहान निघाली आणि करार बदलला नाही. म्हणून टक्क्यांत मार्जिन दिसलं की पहिलं काम हे: गृहीत धरलेला दर आणि प्रत्यक्ष दर शेजारी लिहायचे. प्रत्यक्ष दर निम्म्याहून कमी आला असेल, तर छापलेला निष्कर्ष विसरून गुणोत्तरात गणित पुन्हा करायचं.

इथे तुम्ही मला अडवू शकता. १.९ हा आकडा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या ट्रायल्सचा. तो आज, आपल्याकडे, खरा कशावरून? शंका बरोबर आहे, आणि याला पक्कं उत्तर नाही. टक्क्यांतला फरक काळाप्रमाणे जेवढा हलतो त्या मानाने गुणोत्तर स्थिर राहतं, असा अनुभव आहे; पण ते गृहीतकच. वॉर्फरिनचा फायदा आयएनआर २ ते ३ मध्ये राहण्यावर टिकलेला आहे. रॉकेट-एएफमध्ये वॉर्फरिनवरचे रुग्ण सरासरी ५५ टक्के वेळच त्या पट्ट्यात होते, यावर तेव्हा बरीच टीका झाली. ती टीका शास्त्रीय होती, कारण जुनं औषध ढिलेपणाने दिलं की त्याचा फायदा आटतो, एम-वन आतल्या आत लहान होतो, आणि नवं औषध आपोआप 'तेवढंच चांगलं' दिसू लागतं. सुपिरिऑरिटी ट्रायलमध्ये ढिसाळपणा संशोधकाच्या विरोधात जातो, इथे बहुधा त्याच्या बाजूने. गोळ्या चुकवणं, गट बदलणं, फॉलो-अपला न येणं, सगळ्यांचा परिणाम दोन्ही गट एकमेकांसारखे दिसण्याकडे होतो. म्हणून इंटेन्शन-टू-ट्रीट आणि पर-प्रोटोकॉल हे दोन्ही निकाल बघायचे आणि ते एका दिशेने आहेत का हे तपासायचं.

आपल्या ओपीडीचं वास्तव आणखी वेगळं. सुरगाण्याहून एसटीने येणारी बाई आयएनआरसाठी दर महिन्याला येईल ही अपेक्षाच चुकीची. पावसाळ्यात भात लावणी सुरू झाली की दोन महिने तिचा पत्ता नसतो. अशा रुग्णात वॉर्फरिनचा खरा फायदा ट्रायलमधल्यापेक्षा कमी असणार. त्यामुळे तिच्यासाठी नवं औषध जास्त सोयीचं ठरू शकतं, हे खरं. पण 'ट्रायलमध्ये नॉन-इन्फिरिअर निघालं' हे त्याचं कारण होऊ शकत नाही. तो वेगळा युक्तिवाद आहे, तो वेगळा मांडा.

आणि हो, तिची मायट्रल झडप रुमॅटिक असेल तर वरचं सगळं गणित गुंडाळून ठेवा. त्या सहा ट्रायल्स झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांच्या होत्या. तिथला १.९ इथे उसना आणता येत नाही. २०२२ साली आलेल्या इनव्हिक्टस ट्रायलमध्ये रुमॅटिक हृदयरोग आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांत रिव्हरॉक्सबॅनपेक्षा जुन्या व्हिटॅमिन-के विरोधी औषधांवर हृदयविकाराच्या घटना आणि मृत्यू कमी झाले, आणि त्यासाठी रक्तस्रावाची जास्त किंमत मोजावी लागली नाही. जनरल वॉर्डात अशा झडपा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकत असाल.

आता दुसरी रेषा. फायद्यातला किती भाग सोडायचा? इथे सूत्र नाही. 'अर्धा' हा नियम सोयीचा आहे, पवित्र नाही. मी मार्जिनचं भाषांतर माणसांत करतो आणि समोर काय मिळतं ते लिहितो. री-लायमध्ये वॉर्फरिन गटाचा दर वर्षाला साधारण १.७ टक्के होता, म्हणजे हजार रुग्णांत १७ स्ट्रोक. १.४६ चं मार्जिन म्हणजे १७ चे २५ झाले तरी चालतील: हजारात आठ जास्तीचे स्ट्रोक मान्य. बदल्यात काय? डॅबिगॅट्रान ११० मिलिग्रॅमच्या गटात मोठा रक्तस्राव हजारात सुमारे ३४ वरून २७ वर आला. सात रक्तस्राव टळले.

आठ स्ट्रोक देऊन सात रक्तस्राव वाचवायचे, हा सौदा कराल का? माझ्याकडे दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार काका येतात. त्यांना मी एकदा जवळजवळ असंच विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर, रक्त गेलं तर चढवता येईल. हात गेला तर छाटणी कोण करणार?" मोठ्या रक्तस्रावात मेंदूतला रक्तस्रावही येतो हे त्यांना मी समजावलं, तरी त्यांचा कल बदलला नाही. म्हणजे निव्वळ मार्जिन म्हणून पाहिलं तर १.४६ मला सैलच वाटतं, आणि हे म्हणायला मी कचरत नाही.

पण मार्जिन सैल म्हणून ट्रायल फेकून देऊ नका. मार्जिन ही आधी ठरवलेली वेस; निकाल त्या वेशीपासून किती आत थांबला, हे बघायचं असतं. ११० मिलिग्रॅमचं गुणोत्तर ०.९१ आलं आणि इंटरव्हलचं वरचं टोक १.११. म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी १७ चे १९ होतात: दोन जास्तीचे स्ट्रोक, सात कमी रक्तस्राव. हा सौदा काकांनाही पटला असता. सैल मार्जिन ठेवूनही निकाल इतका आत आला की कडक १.३८ लावलं असतं तरी पास झाला असता.

असंच मुलांच्या क्षयरोगात झालं. शाइन ट्रायल (तिची केंद्रं चेन्नई आणि पुण्यालाही होती) सौम्य टीबी असलेल्या मुलांत सहा महिन्यांऐवजी चार महिने उपचार पुरतात का, हे पाहत होती. मार्जिन ६ टक्के होतं. प्रत्यक्षात दोन्ही गटांत वाईट परिणाम सुमारे ३ टक्केच निघाले. म्हणजे कागदावर ३ चे ९ टक्के झाले तरी चालणार होते, तिप्पट! नुसतं मार्जिन पाहिलं तर हे स्पोर्टिफचंच दुखणं. पण इंटरव्हलचं वरचं टोक १.५ टक्क्यांवर थांबलं. तुम्ही मार्जिन ६ वरून २ वर आणलंत तरी निष्कर्ष बदलत नाही. स्पोर्टिफ-पाचमध्ये तेच केलं तर कोलमडतो. जर्नल क्लबमध्ये हा प्रयोग करून दाखवा: स्वतःचं मार्जिन आधी लिहा, मग इंटरव्हल उघडा.

मार्जिन कुठून आलं याचा माग बहुतेक वेळा सॅम्पल साइजच्या परिच्छेदात लागतो. काही वर्षांपूर्वी एका एथिक्स कमिटीत आमच्यासमोर एक प्रोटोकॉल आला होता, अँटिबायोटिकचा कमी दिवसांचा कोर्स विरुद्ध नेहमीचा. मार्जिन १५ टक्के. "एवढं का?" विचारल्यावर आधी 'तज्ज्ञांशी चर्चा करून' असं उत्तर आलं. चहाच्या वेळी संशोधकाने खरं सांगितलं: "सर, साडेसात धरलं तर चौपट पेशंट लागतात. आणायचे कुठून?" गणित त्याचं बरोबर होतं, मार्जिन निम्मं केलं की रुग्णसंख्या साधारण चौपट होते. अडचण खरी होती, पण ती रुग्णसंख्येची अडचण होती, तिला क्लिनिकल निर्णयाचं नाव दिलं होतं. आम्ही १५ टक्क्यांचा अर्थ संमतीपत्रात लिहायला सांगितला: 'शंभरातल्या पंधरा जास्तीच्या रुग्णांचा आजार बरा झाला नाही, तरी आम्ही या उपचाराला तेवढाच चांगला म्हणू.' पुढच्या बैठकीला प्रोटोकॉल १० टक्क्यांवर आला, दुसऱ्या एका केंद्राला सोबत घेऊन.

तुमच्या पेपरात गृहीत धरलेला दर मेथड्सच्या शेवटी, सॅम्पल साइजच्या ओळींत सापडेल. प्रत्यक्ष दर रिझल्ट्सच्या मुख्य तक्त्यात. पेपरात छापलेलं मार्जिन रजिस्ट्रीतल्या किंवा सोबत जोडलेल्या प्रोटोकॉलमधल्या मार्जिनशी जुळतं का, तेही बघा. जुन्या औषधाच्या प्लासिबो ट्रायल्स मात्र पेपर देणार नाही, त्या स्वतः शोधाव्या लागतील. सापडल्याच नाहीत, तर स्लाइडवर एम-वनच्या जागी 'माहीत नाही' असं लिहा आणि पुढची चर्चा तिथेच थांबवा.